‘सॅम्पल साइज ३८४’ : आरोग्य सर्वेक्षणाच्या प्रस्तावातल्या या चुका टाळा

निधीसाठीच्या प्रस्तावांमध्ये साधारण असा परिच्छेद हमखास सापडतो :

“सर्वेक्षणासाठी ३८४ प्रौढांचा नमुना घेतला जाईल (विश्वासपातळी ९५ टक्के, त्रुटी ५ टक्के). माहितीचे विश्लेषण योग्य सांख्यिकी चाचण्या व रिग्रेशन वापरून केले जाईल.”

दोनच वाक्यं, पण परीक्षक इथेच थांबतो. नेमकं काय खटकतं ते एका उदाहरणावर पाहू. समजा प्रश्न असा आहे : ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या दिघा ते तुर्भे पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये, ३० ते ६९ वयोगटात, रात्रपाळी करणाऱ्यांत उच्च रक्तदाबाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे का?

३८४ हे या प्रश्नाचं उत्तरच नाही

३८४ येतो तो १.९६² × ०.५ × ०.५ ÷ ०.०५² या हिशेबातून. एखाद्या गोष्टीचं प्रमाण, तेही साध्या यादृच्छिक नमुन्यातून, पाच टक्के-अंक इकडेतिकडे इतक्या अचूकतेने सांगायचं असेल तर तो बरोबर आहे. आपला प्रश्न मात्र दोन गटांतल्या फरकाचा आहे, आणि नमुनाही वस्तीवस्तीतून घ्यायचा आहे. म्हणून हिशेब फरकापासून सुरू करावा लागतो.

गृहीत धरू की रात्रपाळी नसलेल्यांत प्रमाण २५ टक्के आहे, रात्रपाळीवाल्यांत ते ३५ टक्के असेल तर आपल्याला ते पकडता यायला हवं, आणि नमुन्यात रात्रपाळीवाले ३० टक्के निघतील. पॉवर, म्हणजे फरक खरा असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता, ८० टक्के; सार्थकता पातळी ५ टक्के.

```
फरक, गट ३०:७०            : 806
÷ (1 − 0.10)  इतर घटक    : 896
× 1.38        क्लस्टर     : 1237
÷ 0.85        प्रतिसाद    : 1456
```

दोन्ही गट सारखे असते तर पहिल्या ओळीत साधारण ६५२ पुरले असते. रात्रपाळीवाले कमी म्हणून तिथेच दीडशे माणसं वाढली. दुसऱ्या ओळीतलं ०.१० म्हणजे वय, लिंग, तंबाखू यांसारख्या घटकांवरून रात्रपाळीचा अंदाज किती बांधता येतो, त्याचा आर-वर्ग. तिसरी ओळ डिझाइन इफेक्टची : १ + (२० − १) × ०.०२ = १.३८. इथे २० म्हणजे एका क्लस्टरमधली, म्हणजे एकाच वस्तीतून एकत्र निवडलेली, माणसं आणि ०.०२ म्हणजे एकाच वस्तीतल्या माणसांचं आपसातलं साधर्म्य, अर्थात आयसीसी. एकाच गल्लीत रात्रपाळीवाले आणि इतर मिसळलेले असतील तर प्रत्यक्ष तोटा याहून कमी होतो, म्हणजे १.३८ हा सावध आकडा आहे. तो तसा आहे हे प्रस्तावात लिहावं.

चौथ्या ओळीत फार चूक होते. १५ टक्के लोक भेटणार नाहीत म्हणून बरेच जण १.१५ ने गुणतात. तसं केलं तर १४२३ येतात, आणि त्यातले १५ टक्के गळाले की हातात १२१० उरतात, १२३७ नाही. म्हणून ०.८५ ने भागायचं. २०-२० चे ७३ क्लस्टर घेतले की १४६० होतात.

हीच गृहीतकं ठेवून ३८४ जणांकडे गेलं तर पॉवर जेमतेम ३० टक्के राहते. फरक खराच असला तरी दहातल्या सात वेळा ‘सार्थ फरक आढळला नाही’ असाच अहवाल निघेल.

गळती भरून निघते, पक्षपात नाही

सकाळी अकराला वस्तीत गेलं की दिवसपाळीवाल्याच्या दाराला कुलूप असतं, आणि रात्रपाळीवाला नुकताच झोपलेला असतो. घरची मंडळी सांगतात, ‘आत्ता उठवू नका.’ अशा वेळी शेजारच्या घरातल्या माणसाची मुलाखत घेऊन संख्या भरली, तर जो गट मोजायचा तोच नमुन्यातून निसटतो. नमुना फुगवल्याने हे सुटत नाही. प्रस्तावात साधं वाक्य हवं : निवडलेल्या व्यक्तीकडे तीन वेळा जाणार, त्यातली एक भेट संध्याकाळी आणि एक साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, बदली व्यक्ती घेणार नाही. या भेटींचा खर्च अंदाजपत्रकातही दिसला पाहिजे.

२५ टक्के आणले कुठून?

‘पूर्वीच्या अभ्यासांनुसार’ एवढं पुरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे एनएफएचएस-५ मध्ये (२०१९–२१) रक्तदाब मोजलेला आहे, पण त्यातले जिल्ह्याचे आकडे १५ वर्षांवरच्या सगळ्यांचे असतात. ते ३०–६९ वयोगटाला जसेच्या तसे लावले तर प्रमाण कमी धरलं जातं. शिवाय नवी मुंबई महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात आणि पनवेल रायगडमध्ये. ‘नवी मुंबई’ म्हणून दोन्ही एकत्र करायचे असतील तर एकाच जिल्ह्याचा आकडा चालणार नाही. आयसीसीसाठी मिळत्याजुळत्या सर्वेक्षणाचा कच्चा डेटा किंवा स्वतःची छोटी चाचणी-पाहणी वापरावी. चाचणी-पाहणीत क्लस्टर थोडे असतील तर मिळणारी आयसीसी फार डळमळीत असते, म्हणून ०.०१ आणि ०.०४ लाही नमुना किती लागतो ते एका ओळीत दाखवावं.

रिग्रेशनमध्ये काय, आणि काय नाही

‘एकेका घटकाची चाचणी करून पी ०.०५ पेक्षा कमी असलेले मॉडेलमध्ये घेऊ’ हे वाक्य काढून टाका. घटक आधीच ठरवून, कारणासकट लिहायचे : वय, लिंग, शिक्षण, तंबाखू, मद्य. वजनाचा विचार वेगळा. रात्रपाळीमुळे वजन वाढून त्यातून रक्तदाब वाढत असेल, तर बीएमआय मुख्य मॉडेलमध्ये घातल्यावर शोधायचा परिणामच कापला जातो. तो दुसऱ्या, पूरक मॉडेलमध्ये ठेवावा.

‘प्रत्येक घटकामागे दहा रुग्ण’ हा नियम मॉडेलच्या स्थैर्याचा आहे, पॉवरचा नाही. आणि मोजायची असतात ती पॅरामीटर. चार गटांचं शिक्षण म्हणजे तीन.

रक्तदाबासारखी सर्रास आढळणारी गोष्ट असेल तेव्हा ऑड्स रेशोचा अर्थ जपून लावावा. आपल्या आकड्यांत प्रमाण १.४ पट आहे, ऑड्स रेशो मात्र १.६ येतो. ‘१.६ पट धोका’ असं लिहिणं चूक. रोबस्ट एरर वापरून पॉइसन रिग्रेशन केलं की प्रमाणाचं गुणोत्तर थेट मिळतं.

दुरुस्त परिच्छेद

“रात्रपाळी व उच्च रक्तदाब यांचा संबंध तपासण्यासाठी, रात्रपाळी नसलेल्यांत २५ टक्के व असलेल्यांत ३५ टक्के प्रमाण, रात्रपाळीवाले ३० टक्के, पॉवर ८० टक्के व दुबाजू सार्थकता ५ टक्के धरून ८०६ व्यक्ती लागतात. इतर घटकांसाठी (आर-वर्ग ०.१०), डिझाइन इफेक्टसाठी (१.३८) व १५ टक्के अप्रतिसादासाठी समायोजन करून ७३ क्लस्टरमधून १४६० व्यक्ती निवडल्या जातील. मुख्य विश्लेषण क्लस्टरनुसार रोबस्ट एरर असलेल्या पॉइसन रिग्रेशनने, वय, लिंग, शिक्षण, तंबाखू व मद्य हे घटक घेऊन केले जाईल. बीएमआयसह मॉडेल पूरक असेल. सर्वेक्षण एकाच वेळचे असल्याने निष्कर्ष संबंधापुरते मर्यादित राहतील.”

निधी हजार जणांपुरताच मिळणार असेल तर पॉवर किंवा आयसीसी मुरडून आकडा जुळवू नये. ५० क्लस्टर आणि हीच बाकीची गृहीतकं धरून साधारण १२ टक्के-अंकांचा फरक पकडता येतो, म्हणजे २५ विरुद्ध ३७. तेच सरळ लिहावं, आणि एवढा फरक संभवतो का याचं कारण त्याच ओळीत द्यावं.