पंख्याच्या कंडेन्सरवर बेतलेला चाळीस सेकंदांचा ट्रेलर

सांगलीत मी बरीच वर्षं मोटर वाइंडिंगचं काम करतो. घरगुती दुरुस्तीचं यूट्यूब चॅनेल सुरू केलं तेव्हा पहिला ट्रेलर शॉर्ट मी दुकानात उभा राहून केला. त्यात नमस्कार, माझं नाव, अनुभव आणि ‘सगळ्या दुरुस्त्या सोप्या भाषेत’ असं सांगून शेवटी सबस्क्राइब करा म्हटलं. लोक किती वेळ थांबले याचा आलेख यूट्यूब स्टुडिओत दिसतो. माझं नाव सांगून होईपर्यंतच तो कोसळला होता. आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाला, याला हे काम येतं की नाही, एवढंच बघायचं असतं. ते मी दाखवलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी एकच दुरुस्ती निवडली, हळू फिरणारा छताचा पंखा. हा त्रास घरोघरी असतो आणि बरेचदा दोष कंडेन्सरचा निघतो. शिवाय तो कॅमेऱ्यात पकडता येतो, कारण कंडेन्सरवर आकडा छापलेला असतो आणि मीटर दुसरा आकडा दाखवतो. आमच्या पंख्याच्या कंडेन्सरवर २.५ मायक्रोफॅरड लिहिलं होतं, मीटरवर १.४ आलं. ते दोन आकडे शेजारी दिसले की वेगळं समजवावं लागत नाही.

शूटिंगच्या दिवशी मात्र अडलो. कंडेन्सर बदलला, पंखा जोरात सुटला, आणि भाचा मोबाईल बघून म्हणाला, “मामा, हा तर उलटा फिरतोय!” खरंच व्हिडिओत पंखा उलटा फिरत होता. कारण नंतर कळलं. मिनिटाला ३५० फेरे घेणाऱ्या तीन पात्यांच्या पंख्यात सेकंदाला साधारण साडेसतरा पाती एका जागेवरून जातात. सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्याला पंधरापर्यंतच दिशा नीट कळते, त्यापुढे तो फसतो. म्हणजे बिघडलेला पंखा सरळ दिसतो आणि दुरुस्त केलेला उलटा! आम्ही मोबाईल ६० फ्रेमवर लावला आणि एका पात्यावर लाल टेप चिकटवली. खाली टेबलावर वर्तमानपत्राचं पानही ठेवलं. दुरुस्तीआधी ते हलत नव्हतं, नंतर उडून खाली पडलं. वारा दाखवायला याहून चांगलं काही सुचलं नाही. खिडकीच्या उजेडात शूट केलं, त्यामुळे ट्यूबच्या प्रकाशाचे पट्टेही आले नाहीत.

आता शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत चालतो, पण मी चाळीस सेकंदांतच थांबलो. माझ्या बोलण्याच्या वेगाने तेवढ्यात ऐंशीच्या आत शब्द बसतात. पहिलं वाक्य पंख्यावरच टाकलं: “रेग्युलेटर पाचवर आहे, तरी वारा लागत नाही?” मग मीटरचे आकडे, मग उडणारं पान. माझा चेहरा बाविसाव्या सेकंदाला येतो आणि तेव्हा मी म्हणतो: “दर शनिवारी घरातली एक वस्तू उघडू. आधी दोष कसा ओळखायचा, मग कोणता भाग बदलायचा. वाइंडिंग जळालं असेल तर तेही सांगेन, ते घरी होत नाही. येत्या शनिवारी मिक्सरचं कपलर. बघायचं असेल तर सबस्क्राइब करा.” वार ठरलेला आणि पुढची वस्तू नावासकट सांगितलेली असली की थांबायचं का, ते माणूस स्वतः ठरवतो. जे पाळता येणार नाही ते बोलू नका. मी आधी आठवड्याला तीन व्हिडिओ म्हणणार होतो, पण दुकान सांभाळून एकच होतो.

चाळीस सेकंदांत दुरुस्ती शिकवायला जाऊ नका. कोणी तेवढंच बघून स्टुलावर चढला तर? मेन स्विच बंद करणं, टेस्टरने तपासणं, कंडेन्सरची दोन टोकं इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने जोडून साठलेली वीज उतरवणं, मगच मीटर लावणं, हे सावकाशच सांगावं लागतं. म्हणून जोडणीचा भाग मी कापला, ‘मेन स्विच बंद आहे’ अशी पट्टी ठेवली आणि पूर्ण व्हिडिओ संबंधित व्हिडिओ म्हणून जोडला. तिथे पंखा बंद असताना पातं हाताने फिरवून बघायलाही सांगितलंय. ते जड फिरलं तर दोष बेअरिंगचा असतो, कंडेन्सर बदलून उपयोग नाही. पट्ट्या स्क्रीनच्या वरच्या अर्ध्यात ठेवा, खाली आणि उजवीकडे बटणं येतात.

ट्रेलर लावून झाल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, “आमचा रिमोटचा पंखा आहे, त्याचाही कंडेन्सरच का रे?” त्यांचा पंखा बीएलडीसी होता. त्याचा वेग आतलं सर्किट ठरवतं, हा उपाय त्याला लागू नाही. दुसऱ्याच दिवशी मीटरच्या दृश्यावर ‘साध्या रेग्युलेटरचा पंखा’ अशी पट्टी टाकली आणि शॉर्ट नव्याने चढवला.