बाळंतिणीचं नैराश्य आणि बाळाशी नातं: घरच्यांनी या चुका टाळा

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई कारण नसताना रडते, चिडते, तिला काहीच सुचत नाही. बहुतेक बायकांना हे होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. हा लेख त्यापुढच्या गोष्टीबद्दल आहे. दोन आठवडे उलटले तरी उदासी हटत नाही, बाळ झोपलं तरी आईला झोप लागत नाही, कशातच मन लागत नाही, 'मी वाईट आई आहे' हा विचार डोक्यातून जात नाही. हे प्रसूतीनंतरचं नैराश्य. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि त्याचा परिणाम बाळापर्यंत पोहोचतो.

यावरचं एक महत्त्वाचं काम आपल्या अगदी जवळ, गोव्यात झालं. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गरोदर बायकांची नोंद घेऊन त्यांना प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा गाठलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २३ टक्के माता नैराश्यात होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींना गरोदरपणातच मानसिक त्रास होता. पुढच्याच वर्षी बाळांबद्दलचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांच्या वयाला, नैराश्य असलेल्या मातांच्या बाळांपैकी ३० टक्के बाळांचं वजन फारच कमी होतं. इतर मातांच्या बाळांत हे प्रमाण १२ टक्के होतं. मानसिक विकासाच्या चाचणीतही ती बाळं मागे होती.

पहिली चूक: 'सव्वा महिना होऊ दे, मग बघू'

आपल्याकडे त्रास झाला की बाळंतीण 'मी उदास आहे' असं सहसा म्हणत नाही. ती म्हणते, अंगात त्राण नाही, डोकं जड आहे, कंबर धरली आहे. मग घरचे शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर वाढवतात. अशक्तपणा खरंच असू शकतो, म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं. पण रिपोर्ट चांगले आले की 'काही नाही, थकवा आहे' म्हणून विषय मिटवला जातो, आणि तिथेच चूक होते.

एक खूण घरातल्या कुणालाही ओळखता येते. बाळ शांत झोपलंय, दुसरं कुणीतरी त्याच्याकडे बघतंय, आणि तरीही आई टक्क जागी आहे. थकलेली बाई अशा वेळी झोपते.

आशाताई प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात आणि सहाव्या आठवड्यात बाळाची लस असते. तेव्हा बाळाचं वजन होतं, त्याच दिवशी आईलाही विचारा. यासाठी १९८७ साली एडिनबरोत तयार झालेली दहा प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली जगभर वापरतात. ती मागच्या सात दिवसांबद्दल विचारते: हसू येतं का, उगाच स्वतःला दोष देता का, भीती वाटते का. गुण जास्त आले म्हणजे निदान झालं असं नाही, डॉक्टरांना दाखवायची वेळ आली इतकंच. मात्र शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याचं उत्तर 'कधीच नाही' सोडून दुसरं काहीही आलं, तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी हालचाल करायची. आणि हे प्रश्न सासूबाई किंवा नवरा समोर बसलेले असताना विचारू नका. त्यांच्यासमोर उत्तरं नेहमी 'बरं आहे' हीच येतात.

दुसरी चूक: बाळच काढून घेणं

ही चूक माया असलेल्या घरातच होते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून एक उदाहरण घेऊ. आईला सुनीता म्हणू. पहिली मुलगी चार वर्षांची आणि आता दुसरीही मुलगीच. सातव्या आठवड्यात सुनीता बाळाला पाजते, पण खिडकीकडे बघत. बाळ रडलं की तिला घाम फुटतो. तिची आई म्हणते, 'तू पड गं, मी बघते.' आंघोळ, मालिश, धुरी, अंगाई, झोपवणं हे सगळं आजीकडे जातं. सुनीताकडे उरतं फक्त पाजणं. उरलेल्या वेळात ती घरातली भांडी घासते, मोठीचं आवरते, कारण 'बाळ सांभाळण्यापेक्षा तेच बरं वाटतं.' महिनाभराने बाळ आजीला बघून हसतं आणि सुनीताकडे आलं की मान फिरवतं. सुनीता म्हणते, 'तिलाही मी नको आहे.'

इथे नेमकं काय बिघडलं ते पाहू. साधारण सहा ते आठ आठवड्यांचं बाळ समोरच्याला बघून हसू लागतं. ते आवाज काढतं, आई उत्तर देते, बाळ पुन्हा हात-पाय हलवतं. दिवसात असं असंख्य वेळा होतं आणि त्यातूनच नातं, पुढे भाषा आणि लक्ष देण्याची क्षमता घडत जाते. १९७०च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने आयांना दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळांनी आधी हसून, हात पुढे करून आईला बोलवायचा प्रयत्न केला आणि प्रतिसाद मिळेना तेव्हा नजर वळवली. नैराश्यात आईचा चेहरा असाच थिजतो. मान फिरवणारं बाळ आईला नाकारत नसतं, उत्तर न आल्यामुळे ते स्वतःला सावरत असतं. उत्तर पुन्हा येऊ लागलं की बहुतेक बाळं वळून बघतात.

म्हणून सुनीताच्या घरी बदल उलटा हवा. भांडी, मोठीचं आवरणं, पाहुण्यांचा चहा, रात्रीचं एखादं पाजणं (काढलेलं दूध वाटी-चमच्याने) ही कामं आजी आणि नवऱ्याने घ्यावीत. बाळ सुनीताकडे राहू द्यावं, पण थोड्या-थोड्या वेळासाठी आणि कुणीतरी जवळ असताना. दिवसातून दोनदा, बाळाचं पोट भरलेलं आणि ते जागं असताना, पाच-दहा मिनिटं पुरतात. मालिश आईच्या हाताने, आजी शेजारी बसलेली. बाळाला मांडीवर समोरासमोर घ्यायचं, ते काय करतं ते बघायचं आणि तोच आवाज, तोच चेहरा त्याला परत द्यायचा. बाळाने नजर वळवली तर थांबायचं आणि ते परत बघेपर्यंत वाट पाहायची. या थांबण्यातच बहुतेक जणी घाबरतात.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, तर आईला बाळाबरोबर एकटं सोडायचं नाही. त्याबद्दल पुढे येतंच.

तिसरी चूक: सतत बाळात गुंतलेली आई ठणठणीत आहे असं धरणं

नैराश्याचं दुसरं रूप नजरेतून सुटतं. ही आई गप्प बसत नाही. ती बाळाला सारखी हलवते, गुदगुल्या करते, खुळखुळा नाकासमोर वाजवते, झोपलेल्याला उठवून पाजते, श्वास चालू आहे का ते पुन्हापुन्हा तपासते. घरचे कौतुक करतात. बाळ मात्र अंग ताठ करतं, तोंड फिरवतं, किरकिरतं. तिलाही तीच मदत लागते: बाळाच्या इशाऱ्यापाशी थांबायला शिकणं. तिला 'तू जास्त करतेस' असं सुनावलं तर ती आणखी घाबरते. तिच्या शेजारी बसून 'बघ, आता तिला जरा दम घ्यायचाय' इतकं म्हटलं की पुरतं.

चौथी चूक: आईला गोळ्या सुरू झाल्या, आता नातं आपोआप सुधारेल

इथे दोन अभ्यास शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या गावांत गावातल्याच आरोग्यसेविकांना विचार बदलण्याची आणि छोट्या कृतींतून सावरण्याची पद्धत शिकवली गेली. सहा महिन्यांनी मदत मिळालेल्या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या आणि न मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. म्हणजे आयांमध्ये मोठा फरक पडला. बाळांचं लसीकरण वाढलं, जुलाब कमी झाले; वजन-उंचीत मात्र ठोस फरक दिसला नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या खायेलित्शा वस्तीत वेगळं काम झालं. वस्तीतल्याच प्रशिक्षित बायका गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत सोळा वेळा घरी गेल्या आणि आईला बाळाचे इशारे वाचायला शिकवत राहिल्या. दीड वर्षांच्या वयाला तिथे ७४ टक्के बाळांचं आईशी नातं सुरक्षित होतं, इतर मातांच्या बाळांत ६३ टक्के. पण नैराश्याच्या आजाराचं प्रमाण फारसं घटलं नव्हतं.

माझ्या मते यातून एकच व्यवहारी गोष्ट निघते. आईचा उपचार आणि आई-बाळाच्या जोडीला मदत ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही करावी लागतात. सुनीतासाठी याचा अर्थ असा की समुपदेशन किंवा औषध मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील, आणि त्याच काळात घरी रोजची ती पाच-दहा मिनिटं चालू राहतील. मोबाइलवर तीन-चार मिनिटं चित्रीकरण करून आईबरोबर बघण्याची पद्धतही उपयोगी पडते. एकच नियम पाळायचा: बाळ तिच्याकडे बघून उजळलं तो क्षण थांबवून दाखवायचा, चुका दाखवायच्या नाहीत. सुनीतासारख्या आईला स्वतःवर विश्वास नसतो. बाळ आपल्याला ओळखतं हे तिला पडद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

याच ठिकाणी आणखी एक चूक होते. गोळी सुरू झाली की 'विष बाळात जाईल' म्हणून अंगावरचं पाजणं बंद करतात, नाहीतर गोळीच बंद करतात. सर्ट्रालीनसारखी काही औषधं दुधात फार कमी उतरतात आणि पाजणाऱ्या मातांना दिली जातात. पाजत असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगा. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही काही महिने औषध चालू ठेवावं लागतं, ते मनाने थांबवू नये.

पाचवी चूक: 'परत मुलगीच' हे वाक्य

गोव्याच्या अभ्यासात नैराश्याशी जोडलेल्या गोष्टींत गरिबी, नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मुलगी जन्मणं या होत्या. सुनीताच्या खोलीत येऊन 'पुढच्या वेळी बघू' म्हणणारी प्रत्येक व्यक्ती तिच्या आजारात भर घालते. नवऱ्याने पाहुण्यांना दारातच अडवावं. आणि घरात मारहाण असेल तर गोळ्या आणि समुपदेशनाआधी तिची सुरक्षितता बघावी लागते.

सगळं आईवर ढकलू नका

तीन महिने झाले तरी बाळ कुणाकडेच बघून हसत नसेल, आवाजाला दचकत नसेल, वजन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून बाळाची नजर, ऐकणं आणि दूध ओढणं तपासून घ्या. सुनीताची मुलगी आजीला बघून हसते, म्हणजे तिच्याबाबतीत ही शंका कमी आहे. जे बाळ कुणालाच प्रतिसाद देत नाही, त्याचं कारण आईच्या मनात शोधत बसलात तर बाळावरचा उपचार लांबतो.

थांबायचं नाही अशी वेळ

प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अचानक झोप उडणं, असंबद्ध बोलणं, भास होणं, बाळाबद्दल विचित्र ठाम समजुती होणं ही प्रसूतीनंतरच्या तीव्र मानसिक आजाराची लक्षणं आहेत. ही बाहेरची बाधा नव्हे. दृष्ट काढण्यात वेळ न घालवता त्याच दिवशी मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयात न्या. जीव देण्याचा विचार बोलून दाखवला तरी हेच करा. वाहन मिळेपर्यंत ११२ ला फोन करा, आणि सल्ल्यासाठी टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आहे.