दोन स्पीकरमधल्या शांत जागा आणि पाव तरंगलांबीचा घोळ

तरंगांच्या धड्यातल्या या गणितात आपल्या वर्गातल्या बहुतेकांचं उत्तर एकाच ठिकाणी चुकलं होतं, माझंही. पुढे आम्ही तिघांनी मोकळ्या मैदानात दोन स्पीकर मांडून ते तपासलं. तेव्हा चूक नेमकी कुठे होते ते दिसलं, आणि कागदावर न येणाऱ्या दोन-तीन गोष्टीही कळल्या. पुढच्या तुकडीने हे गणित हातात घेण्याआधी त्या माहीत असाव्यात असं वाटतं.

गणित असं आहे. दोन सारखे स्पीकर, अ आणि ब, एकमेकांकडे तोंड करून ३ मीटर अंतरावर ठेवले आहेत. एकाच अँप्लिफायरमधून दोघांना ४३० हर्ट्झचा एकच सूर दिला आहे, म्हणजे दोन्ही पडदे एकाच क्षणी पुढे येतात आणि एकाच क्षणी मागे जातात. हवेत ध्वनीचा वेग ३४४ मीटर प्रतिसेकंद धरा (साधारण २१ अंश सेल्सिअसला तो एवढाच असतो). दोघांना जोडणाऱ्या रेषेवर आवाज कुठे कुठे कमी होईल?

तरंगलांबी आधी काढून घ्या. ३४४ भागिले ४३० म्हणजे ०.८ मीटर, ८० सेंटीमीटर.

आता सूत्राकडे धावू नका. मनातल्या मनात बरोबर मधे, अ पासून दीड मीटरवर उभे राहा. दोन्ही आवाज सारखंच अंतर कापून येतात, दाबाला दाब मिळतो आणि आवाज मोठा येतो. आता अ कडे २० सेंटीमीटर सरका. अ चं अंतर २० ने घटलं, पण त्याच वेळी ब चं २० ने वाढलं. दोन मार्गांमधला फरक, म्हणजे पाथ डिफरन्स, ४० सेंटीमीटर झाला. हीच अर्धी तरंगलांबी. एकाचा जास्त दाब आणि दुसऱ्याचा कमी दाब एकाच वेळी पोचतो आणि आवाज पडतो.

आमची चूक इथेच होती. शांत जागेसाठी फरक अर्ध्या तरंगलांबीचा हवा, हे पाठ होतं, म्हणून आम्ही मध्यापासून थेट ४० सेंटीमीटर मोजले. प्रत्यक्षात तेवढं सरकल्यावर फरक ८० होतो, पूर्ण एक तरंगलांबी, आणि आवाज पुन्हा मोठा होतो. म्हणजे ज्या जागेला आम्ही शांत म्हटलं होतं, तिथे उलट गोंगाट होता. दोन स्पीकरच्या मधल्या रेषेवर एक पाऊल दुप्पट मोजलं जातं. ही एक गोष्ट पक्की झाली की बाकी सगळं सरळ आहे.

अ पासूनचं अंतर x आणि स्पीकरमधलं अंतर D धरलं, तर लिहायचं एवढंच:

```
(D - x) - x = ±(n + 1/2)λ ,   n = 0, 1, 2, ...
x = D/2 ± (2n + 1)λ/4
```

फरक अनुक्रमे ०.४, १.२, २.० आणि २.८ मीटर येतात. पुढचा ३.६ येतो, पण रेषेवर कुठेही फरक ३ मीटरपेक्षा जास्त होऊच शकत नाही, म्हणून तिथे थांबायचं. फरकाच्या निम्मं सरकायचं असल्याने मध्यापासूनची अंतरं ०.२, ०.६, १.० आणि १.४ मीटर. अ पासून मोजली तर ०.१, ०.५, ०.९, १.३, १.७, २.१, २.५ आणि २.९ मीटर. एकूण आठ जागा, शेजारच्या दोन जागांमध्ये कायम ४० सेंटीमीटर. ही पडताळणी नक्की करा: लागोपाठच्या शांत जागांमधलं अंतर अर्धी तरंगलांबी आलं नाही, तर कुठेतरी निम्मं करायचं राहिलं आहे.

एका मैत्रिणीने विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. समोरासमोरून येणारे दोन तरंग म्हणजे स्थिर तरंग. मग मध्यबिंदूवर हवेचे कण हलतच नाहीत, तर ती जागा शांत का नाही? तिचं निरीक्षण बरोबर आहे. मध्यावर डावीकडून आणि उजवीकडून सारखाच धक्का बसतो, त्यामुळे कण जागचा हलत नाही, तो विस्थापनाचा नोड आहे. पण दोन्हीकडून दाबली गेल्यामुळे तिथेच हवेचा दाब सर्वांत जास्त वरखाली होतो. कान आणि साधा माईक दाबातला बदल टिपतात, कणांची हालचाल नाही. म्हणून या गणितात ‘शांत’ म्हणजे दाबाचा नोड समजायचा.

मैदानात आठपैकी चारच जागा आम्हाला स्पष्ट सापडल्या, मध्याजवळच्या. त्याचं कारण गणितातच आहे. स्पीकरपासून दूर जाताना आवाजाची तीव्रता घटते. दाबाचा आयाम अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो असं ढोबळपणे धरता येतं. मग अ पासून १.३ मीटरवर दोन्ही आवाज जवळपास तुल्यबळ असतात आणि एकमेकांना बरंचसं पुसून टाकतात. ०.५ मीटरवर मात्र अ चा आवाज ब च्या पाचपट असतो, तो कसला पुसला जाणार? हिशोब मांडला तर एक सुंदर गोष्ट निघते: त्या जागी दोन्ही आवाज पूर्ण जुळले असते तर जेवढा दाब मिळाला असता, त्याचा उरलेला भाग म्हणजे पाथ डिफरन्स भागिले D. मध्याजवळच्या जागेसाठी ०.४ भागिले ३, साधारण १३ टक्के, म्हणजे सुमारे साडेसतरा डेसिबलची घट. ०.९ मीटरवर ४० टक्के उरतो, आठ डेसिबलची घट. ०.५ मीटरवर ६७ टक्के, जेमतेम साडेतीन डेसिबल. आणि स्पीकरला चिकटलेल्या ०.१ मीटरच्या जागेत ९३ टक्के, तिथे कानाला काहीच फरक कळत नाही. प्रश्नपत्रिकेत आठही जागा लिहा, प्रयोगात चारवर समाधान माना.

प्रयोग करणार असाल तर कानांवर विसंबू नका. दोन कानांमध्ये साधारण पंधरा-वीस सेंटीमीटरचं अंतर असतं, आणि इथे शांत जागेपासून मोठ्या आवाजाची जागा २० सेंटीमीटरवरच आहे. एक कान शांततेत तर दुसरा गोंगाटात. एक कान बोटाने बंद करा, किंवा फोनचा माईक मोजपट्टीवरून हळूहळू सरकवा आणि तुम्ही स्वतः रेषेच्या बाजूला उभे राहा. खोलीत प्रयोग फसतो, कारण भिंतींवरून परतणारा आवाज शांत जागा भरून काढतो.

पहिल्या दिवशी आम्ही दोन स्पीकर दोन वेगळ्या फोनना जोडले होते. शांत जागा सापडायची आणि काही सेकंदांत निसटायची. दोन फोनच्या सुरांत ०.१ हर्ट्झचाही फरक असला, तर सगळा नमुना दहा सेकंदांत ४० सेंटीमीटर सरकतो. एकच उगम वापरल्यावर तो जागेवर थांबला.

शेवटची तपासणी मध्यबिंदूवर करा. तिथे आवाज मोठा येण्याऐवजी पडत असेल, तर एका स्पीकरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. स्पीकर एकाच फेजमध्ये नाहीत आणि आपण काढलेल्या आठही जागांवर आवाज मोठा येईल. तारा अदलाबदल करा आणि माईक पुन्हा १.३ मीटरवर न्या.