दुकानाच्या सुपरवायझरसाठी सुधारणा योजना: आकडा त्याच्या हातातला हवा

सुपरवायझरला काढायचं आधीच ठरलं असेल तर ठरावीक मुदतीत काम सुधारण्याची ही लेखी योजना करू नका. साठ दिवस त्याला आशेवर ठेवण्यापेक्षा सरळ बोला. सुधारायला खरंच संधी द्यायची असेल तर पुढे वाचा.

बहुतेक मालक पहिल्याच ओळीत लिहितात, "सेल १५ टक्के वाढवा". मीही लिहिलं होतं. जुलैच्या पावसात योजना सुरू केली आणि ती संपेपर्यंत गणपतीची खरेदी आली. सेल आपोआप चढला, सुपरवायझर "पास" झाला. रॅकवरचा गोंधळ होता तिथेच होता. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या दुकानात उलटं झालं. दिवाळीनंतर योजना सुरू झाली, सेल पडला आणि जीव तोडून काम करणारा माणूस नापास झाला. तेव्हापासून कुठलाही आकडा लिहिण्याआधी मी एकच विचारतो: याने उद्यापासून सगळं नीट केलं तरी हा आकडा पडू शकतो का? पडू शकत असेल तर तो आकडा मालकाचा किंवा हंगामाचा. सुपरवायझरचा नाही.

मग मोजायचं काय? दादरच्या एका लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानाचं सांगतो. तक्रार होती, "लक्ष देत नाही". एवढ्यावर योजना होत नाही. दोन संध्याकाळी मी गल्ल्यापाशी उभा राहिलो. आई फ्रॉक हातात घेऊन "यात २४ नंबर आहे का?" विचारायची, मुलगा "संपला" म्हणायचा, आणि माल वर पोटमाळ्यावर पडलेला असायचा. तक्रार सापडली: माळ्यावर असलेली साईझ रॅकवर नाही.

मोजणी सोपी ठेवली. रोज दुपारी ४ वाजता, गर्दीच्या आधी, २० डिझाइनं पाहायची. माळ्यावर एखादी साईझ आहे पण रॅकवर नाही, अशी डिझाइनं किती? पंधरा मिनिटांचं काम. दोन आठवड्यांची सरासरी आली ९.

इथेच मी पूर्वी घाई करायचो. ९ वरून ३ वर आणा, सही करा, संपलं. या वेळी सुपरवायझरला आधी विचारलं, माल का उतरत नाही? तो म्हणाला, "साहेब, माळ्याची चावी शेठच्या भावाकडे. ते बारानंतर येतात. तोवर काउंटरला गिऱ्हाईक लागतं, मग माळ्यावर कोण चढणार?" चावी सकाळी दुकानात ठेवायला लावली. पुढच्या दोन आठवड्यांत सरासरी आली ६. म्हणजे ९ पैकी ३ चा दोष त्याचा नव्हताच! योजनेची सुरुवात ६ पासून झाली, ९ पासून नाही. आधी अडथळा काढा, पुन्हा मोजा, मगच पाया धरा. हे न करता लिहिलेली योजना कागदावर कितीही नेमकी दिसली तरी अन्यायच.

लक्ष्य ठेवलं: चौथ्या आठवड्याची सरासरी ४ पर्यंत, आठव्याची २ पर्यंत. शून्य मी कधीच लिहीत नाही. चालत्या दुकानात एखादी साईझ आत्ताच विकली गेलेली असते. २० डिझाइनांची यादी दर आठवड्याला बदला: दहा जास्त खपणारी, दहा बाकीच्यांतली. यादी कायम ठेवली की तेवढीच वीस भरलेली दिसतात, हा अनुभव घेऊन झालाय. मोजताना सुपरवायझर आणि दुसरा एक जण दोघं हवेत, सही दोघांची. मालकाच्या नातेवाइकाने एकट्याने मोजलेला आकडा भांडणात टिकत नाही.

दुसरं माप गल्ल्याच्या फरकाचं ठेवता येतं, पण तीन जण एकाच लॉगिनवर बिलं करत असतील तर त्याचं नावही काढू नका. आधी लॉगिन वेगळे करा. दोन मापं पुरतात, तीनच्या वर जाऊ नका.

बाकीचं सोपं आहे. कागद त्याला वाचता येईल त्या भाषेत, एक प्रत त्याला. सहीवर "मान्य" नको, "वाचले, समजले" लिहा आणि खाली त्याच्या म्हणण्यासाठी जागा सोडा. दर आठवड्याला वीस मिनिटं बसा, पोरांसमोर नाही. तो रजेवर असेल किंवा पोरं कमी असतील तर तो आठवडा मोजणीतून वगळून मुदत वाढवा. आणि शेवटी काय होईल ते पहिल्याच दिवशी लिहा: २ किंवा खाली आलं तर योजना बंद, ३-४ वर अडकलं तर एकदाच चार आठवडे वाढ, त्याच्या वर राहिलं तर सुपरवायझरचं काम काढून घेणार.

दादरच्या त्या दुकानात आठव्या आठवड्याला सरासरी ३ आली. शेठ म्हणाले, "सेल तर वाढलाय, सोडून द्या." मी चार आठवडे वाढवायला लावले, कारण कागदावर तसंच लिहिलं होतं.