बाटली भरलेलीच घरी येतेय? सकाळच्या शाळेत या चुका टाळा

प्रिय पालक,

सप्रेम नमस्कार.

उन्हामुळे शाळेची वेळ बदलल्याचं पत्र मी तुम्हाला आठ दिवसांपूर्वी दिलं होतं. शाळा आता सकाळी ७ वाजता भरते आणि ११.१५ ला सुटते. मधे चार वेळा पाण्याची घंटा होते, ७.४५, ८.३०, १०.०० आणि ११.०५ ला. ९ वाजता खिचडी. वेळापत्रक तेच राहणार आहे. पण त्या पत्रात मी फक्त "पाण्याची बाटली सोबत द्यावी" एवढंच लिहून थांबले, आणि ते अपुरं होतं. या आठ दिवसांत जे पाहिलं ते सविस्तर सांगायला हे दुसरं पत्र लिहिते आहे.

मंगळवारची गोष्ट सांगते. चौथीतली एक मुलगी, एरवी फळ्यावर गणित सोडवायला सगळ्यांच्या आधी उठणारी, १०.४० च्या सुमारास दप्तरावर डोकं टेकून बसली. डोकं दुखतंय म्हणाली, मळमळतंय म्हणाली. अंगाला हात लावला तर गरम होतं, पण घाम येत होता आणि विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं ती नीट देत होती. तिला आम्ही लिंबाच्या झाडाखाली नेलं, ओल्या फडक्यानं मान, काखा आणि हातपाय पुसले, एकीला वहीनं वारा घालायला लावलं आणि घोट घोट पाणी दिलं. अर्ध्या तासात ती उठून बसली.

मग मी तिची बाटली पाहिली. काठोकाठ भरलेली. तीन घंटा होऊन गेल्या होत्या, आणि तिन्ही वेळा तिनं झाकण उघडून बाटली ओठाला लावली होती. मी समोर उभी होते आणि मला ती पाणी पिते आहे असंच वाटलं होतं. तिच्या आईनं नंतर सांगितलं, "बाटली रोज भरलेलीच घरी येते. मला वाटलं, शाळेतल्या रांजणातून पुन्हा भरून आणते."

शेजारी कोणी नसताना विचारलं तेव्हा कारण कळलं. "पाणी प्यालं की लघवीला जावं लागतंय बाई. तिकडं पाणी नसतंय." सकाळी उठल्यावर एकदा जाऊन आली होती, त्यानंतर नाही. घरून निघताना फक्त चहा घेतला होता. म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर तिच्या पोटात धड काहीच गेलं नव्हतं, कारण खिचडीही चार घास खाऊन ठेवून दिली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिसरी-चौथीच्या सगळ्या मुलींशी बोलले. निम्म्याहून जास्त मुली शाळेत मुद्दाम पाणी कमी पितात. काही मुलंही तसंच करतात, पण मुलींमध्ये हे जास्त आहे. यात दोष मुलींचा नाही. आमच्याकडे टँकर चौथ्या दिवशी येतो, आणि पाणी कमी पडलं की आम्ही सगळ्यात आधी स्वच्छतागृहाचं पाणी तोडत होतो. ही शाळेची चूक होती आणि ती आम्ही बदलली आहे. आता स्वच्छतागृहात एक वेगळं पिंप ठेवलंय, ते वापरण्याच्या पाण्यानं रोज सकाळी भरतो. प्रत्येक घंटेनंतर पाच मिनिटं मुली न विचारता जाऊ शकतात. दोघी-दोघींनी गेलं तरी चालतं. घंटेच्या वेळी प्रत्येकीनं बाटलीतलं पाणी माझ्यासमोर प्यायचं, पहिली-दुसरीनं अर्धा ग्लास, तिसरी-चौथीनं एक ग्लास. तहान लागली म्हणून नाही, घंटा झाली म्हणून. खेळात आणि अभ्यासात गुंतलेल्या मुलाला तहान उशिरा कळते, तोवर शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं.

तुमच्याकडून यात मला एकच गोष्ट हवी आहे. मूल घरी आलं की बाटली पाहा आणि "शाळेत लघवीला गेलीस का?" हे सरळ विचारा. नाही म्हणाली तर मला सांगा. लघवी गडद पिवळी असेल किंवा करताना जळजळ होत असेल, तर "उन्हाळी लागली" म्हणून सोडून देऊ नका. आधी पाणी वाढवा आणि त्या दिवशी फरक पडतो का पाहा. दुसऱ्या दिवशीही जळजळ राहिली, ताप आला किंवा पोटात दुखलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. लघवी रोखून धरल्यानं आणि पाणी कमी प्यायल्यानं जंतुसंसर्गही होतो, आणि तो नुसत्या सब्जाच्या पाण्यानं जात नाही.

पाणी वाचवायचं म्हणून कोणी बाटली अर्धी देत असाल तर तसं करू नका. चार घंटांचं मिळून मोठ्या मुलाला साधारण पाऊण लिटर पाणी लागतं, म्हणून एक लिटरची बाटली पुरते. लहानांना अर्ध्या लिटरची द्या, उरलेलं शाळेच्या रांजणातून देऊ. बाटलीला जुन्या सुती कापडाची ओली पट्टी गुंडाळून दिली तर पाणी तासभर तरी गार राहतं. तोंड मोठं असलेली बाटली घ्या, म्हणजे आत हात किंवा घासणी जाते. शीतपेयाच्या जुन्या बाटलीच्या तळाला हिरवट बुळबुळीत थर बसतो, वास आला की मूल त्यातलं पाणी पीत नाही, आणि आपल्याला वाटतं त्याला तहानच नाही.

उपाशी येण्याचं आता सांगते. शाळा सातला भरते म्हणून मुलं साडेसहाला घरातून निघतात, आणि बहुतेकांच्या पोटात चहा आणि फार तर खारी असते. सध्या लग्नसराई आहे, रात्री वरातीत जागरण होतं, सकाळी उठवत नाही, हे मला माहीत आहे. पण उपाशी मुलाला उन्हात चक्कर लवकर येते. रात्रीची भाकरी आणि ताक, दूध-पोळी, एखादं केळं, घरात असेल ते दोन घास द्या, आणि निघायच्या आधी एक ग्लास पाणी. भाकरी-ताकानं मीठही पोटात जातं, घामातून गेलेलं मीठ नुसत्या पाण्यानं भरून निघत नाही. रात्रभर बाहेर राहिलेलं ताक मात्र सकाळी देऊ नका, या दिवसांत ते लवकर नासतं.

आता सुटण्याच्या वेळेबद्दल. काही पालकांनी पत्रातलं "सकाळी ७" एवढंच लक्षात ठेवलं आणि मुलाला न्यायला बारा-साडेबाराला आले. काहींची मुलं सुटल्यावर परस्पर शेतात भाकरी पोचवायला जातात, काही विहिरीवर. वेळ बदलण्याचा सगळा उपयोग तिथंच संपतो. दिवसाचं सगळ्यात जास्त तापमान दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान असतं हे खरं, पण म्हणून अकरा-बाराचं ऊन सौम्य नसतं. परभणीचं तापमान म्हणून पेपरात जे ४२-४३ छापून येतं ते सावलीत, जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवलेल्या तापमापकाचं असतं. डांबरी सडक त्याहून कितीतरी तापलेली असते, आणि मूल आपल्यापेक्षा जमिनीच्या जवळ चालतं. वस्तीवरची ज्या मुलांची वाट दोन किलोमीटरची आहे, त्यांना ११.०५ ची घंटा याचसाठी ठेवली आहे. पाणी पिऊन, बाटली पुन्हा भरून, डोक्यावर ओला पंचा किंवा टोपी घालूनच आम्ही त्यांना सोडतो. चप्पल नसेल तर कळवा, अनवाणी कोणाला पाठवणार नाही. न्यायला यायला उशीर होणार असेल तरी कळवा. मूल पत्र्याच्या खोलीत नाही, लिंबाखाली थांबेल.

ओआरएसच्या पुडीबद्दल एक चूक दोन घरांत पाहिली. पूर्ण पुडी एका ग्लासात घोळून दिली होती. पुडीवर "एक लिटर पाण्यासाठी" लिहिलं असेल तर ती एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घालायची, अर्धी-अर्धी करून नाही, कमी पाण्यात तर मुळीच नाही. पाणी कमी झालं की मिठाचं प्रमाण वाढतं आणि लहान मुलाला ते घातक ठरू शकतं. दोनशे मिलीच्या लहान पुड्याही मिळतात, म्हणून आधी पुडीवरचं वाचा. तयार केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते फेकून पुन्हा करा. आणि हे दमलेल्या, जुलाब-उलट्या होत असलेल्या मुलासाठी आहे. धडधाकट मुलाच्या बाटलीत रोज ओआरएस भरून देऊ नका, साधं पाणी द्या.

शेवटी सगळ्यात जपून वाचायचं. मंगळवारी ती मुलगी अर्ध्या तासात सावरली, कारण ती शुद्धीत होती आणि तिला पाणी गिळता येत होतं. मूल बरळत असेल, ओळख विसरल्यासारखं करत असेल, चालताना झोकांड्या देत असेल, झटका आला असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर तो उष्माघात समजा. अंग घामेजलं असलं तरीही. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत वाट पाहत बसू नका. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर मिळेल ते पाणी ओता आणि जोरात वारा घाला. गाडीतही हे चालू ठेवा. अंग गार होणं जितकं लांबतं तितका मेंदूला धोका वाढतो.

तापाची गोळी देऊ नका, या तापावर ती चालत नाही. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. खिशात कांदा ठेवण्याला माझी हरकत नाही, आमच्या आजीही ठेवायच्या, पण कांदा आहे म्हणून पाणी आणि सावली चुकवू नका, आणि मूल पडल्यावर नाकाला कांदा लावण्यात वेळ घालवू नका.

या पत्राच्या मागच्या बाजूला तीन ओळी रिकाम्या ठेवल्या आहेत. त्यात मूल किती वाजता घरून निघतं, काय खाऊन निघतं आणि सुटल्यावर घरी कोण असतं, एवढं लिहून उद्या दप्तरात पाठवा. ज्यांना लिहिणं जमणार नाही त्यांनी ११.१५ ला मुलाला न्यायला येताना तोंडी सांगितलं तरी चालेल, मी फाटकाशी असते.

आपली,
वर्गशिक्षिका, इयत्ता तिसरी व चौथी