खुर्ची आधीच आडवी करून ठेवली

माझा मुलगा सात वर्षांचा, ऑटिस्टिक. दातांच्या दवाखान्यात खुर्ची मागं कलायला लागली आणि तो किंचाळत बाहेर पळाला. मग त्याच दवाखान्याचे फोटो काढून पट्टीवर ओळीनं लावले: दार, खुर्ची, आरसा, शेवटी फिरायला रंकाळा तलाव. (आधी कार्टून चित्रं लावली होती, ती त्याला कळलीच नाहीत.) एकेक गोष्ट झाली की तो फोटो काढून डब्यात टाकायचा.

पहिल्या फेरीत फक्त दारातून आत-बाहेर. दुसऱ्या फेरीत डॉक्टरांनी खुर्ची आधीच आडवी करून ठेवली, तो स्वतः चढला. घरी रोज दहा आकडे मोजेपर्यंत चमच्यानं दात मोजायचो. चौथ्या फेरीत आरसा तोंडात गेला. तोंडातलं पाणी ओढणाऱ्या सक्शनच्या नळीच्या आवाजाला मात्र अजून कान झाकतो, म्हणून दात भरायचं काम पुढं ढकललंय.