ब्रोशरमधला फ्लॅटचा एरिया वाचताना या चुका टाळा

ब्रोशरवर मोठ्या अक्षरात ‘१०५० चौ. फूट, दर फक्त ७,००० रुपये’ असं छापलेलं असतं. खाली बारीक अक्षरात ‘सेलेबल’ किंवा ‘सुपर बिल्ट-अप’ लिहिलेलं असतं आणि बहुतेक जण तिथेच फसतात. या आकड्यात तुमच्या खोल्यांबरोबर बाहेरच्या भिंती, बाल्कनी, आणि लॉबी, जिना, लिफ्ट, कधी कधी क्लबहाऊस यांतला तुमच्या वाट्याचा हिस्साही धरलेला असतो. त्यात काय आणि किती धरायचं हे बिल्डर स्वतः ठरवतो. रेरा कायद्यात व्याख्या आहे ती फक्त कार्पेट एरियाची, म्हणजे फ्लॅटच्या आतल्या वापराच्या जागेची.

त्यामुळे पहिली चूक होते दोन प्रकल्पांचे छापील दर शेजारी ठेवून तुलना करण्यात. समजा, पहिल्या फ्लॅटचा रेरा कार्पेट ६८० चौ. फूट आहे. १०५० गुणिले ७,००० म्हणजे किंमत ७३.५० लाख. तिला ६८० ने भागलं की खरा दर निघतो सुमारे १०,८०९ रुपये. शेजारच्या प्रकल्पात ९८० चौ. फूट सेलेबल, दर ७,४००, म्हणजे किंमत ७२.५२ लाख, पण कार्पेट ७१०. इथे दर पडतो १०,२१४. कागदावर महाग दिसणारा फ्लॅटच प्रत्यक्षात स्वस्त आहे, आणि ३० चौ. फूट मोठाही.

‘लोडिंग किती?’, म्हणजे कार्पेटवर किती जागा वाढवून धरली, असं विचारलंत तर सेल्सवाला ‘फक्त ३५ टक्के’ म्हणेल. पहिल्या फ्लॅटमध्ये वाढवलेले ३७० चौ. फूट आहेत. त्यांना १०५० ने भागलं की ३५ टक्के येतात, पण लोडिंग कार्पेटवर मोजतात: ३७० भागिले ६८०, म्हणजे ५४ टक्के. टक्केवारी सांगितली की कशावर काढली ते लगेच विचारा. खरं तर टक्केवारीच्या फंदात न पडता थेट कार्पेटचा आकडा मागणं जास्त सोपं.

तो मागतानाही एक खाच असते. ‘युजेबल कार्पेट ७६०’ असं कोणी सांगितलं, तर त्यात बहुधा ६८० रेरा कार्पेट, ६० ची बाल्कनी आणि २० ची ड्राय बाल्कनी मिसळलेली असते. रेराच्या व्याख्येत फ्लॅटच्या आतल्या पार्टिशन भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, डक्ट, तुमच्यासाठीची बाल्कनी आणि उघडी टेरेस वगळली जाते. म्हणून हे आकडे वेगवेगळे लिहून घ्या.

खात्री करायची तर ब्रोशरवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत तो बंधनकारक आहे. किंवा maharera.maharashtra.gov.in वर नोंदणी क्रमांक टाका. तिथे फ्लॅटच्या प्रकारानुसार कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये दिलेला असतो. त्याला १०.७६४ ने गुणा. ६३.१७ चौ. मीटर असेल तर ६८० चौ. फूट बरोबर जुळतात.

ताबा घेताना लोक टेप घेऊन खोल्या मोजतात, बेरीज ६४५ येते आणि भांडण सुरू होतं. त्यात आतल्या भिंतींखालची जागा मिळवायची राहिलेली असते. प्रत्येक पार्टिशनची लांबी आणि जाडी मोजून गुणाकार बेरजेत घाला, पॅसेजही विसरू नका, ३५ चौ. फूट सहज भरून निघतात. शिवाय नकाशातली मापं प्लास्टरच्या आधीची असू शकतात. दोन्ही भिंतींवर १२-१२ मिमी प्लास्टर चढलं की खोली २४ मिमीने कमी भरते. तेव्हा मापं कच्च्या भिंतीची की तयार भिंतीची, हे बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवलेलं बरं.

एवढं करूनही तूट निघाली तर ‘तीन टक्के चालतात’ हे उत्तर ठरलेलं. महारेराच्या नमुना करारात फरकाची मर्यादा तीन टक्के आहे हे खरं, पण त्याचा अर्थ तेवढी जागा फुकट गेली असा होत नाही. अंतिम कार्पेटनुसार किंमत पुन्हा काढायची आणि त्या मर्यादेतही जागा कमी भरली, तर जादा घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत करायचे, असं त्या नमुन्यात आहे. जागा वाढली तर मात्र जादा पैसे तुम्हाला भरावे लागतात. ६८० चे तीन टक्के म्हणजे २०.४ चौ. फूट, वरच्या दराने दोन लाख वीस हजार रुपये. काही बिल्डर करारात हे कलम बदलून ‘तीन टक्क्यांपर्यंत हिशेब होणार नाही’ असं घालतात. सही करण्याआधी ते शोधा आणि काढायला लावा. कायद्याने करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. म्हणून ही घासाघीस त्या टप्प्यावरच करा.